विषय : आजोबांच्या काचेच्या निगेटिव्हमधील स्थळे ओळखण्यासाठी मदत मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
पुराभिलेख संचालनालय,
एल्फिन्स्टन कॉलेज इमारत, फोर्ट, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

माझे आजोबा कै. विष्णू गणेश दामले मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. नोकरी लागली 1922 साली. त्यांनी काढलेल्या 43 काचेच्या निगेटिव्ह माळ्यावरच्या लाकडी पेटीत मिळाल्या. एकीवरही गाव, तारीख किंवा नाव नाही. शनिवार पेठेतल्या आमच्या घरात 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराचे पाणी शिरले, त्यात आजोबांची सर्व्हिस बुकाची नक्कल आणि डायऱ्या गेल्या. पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली.

बहुतेक चित्रे धरणाच्या बांधकामाची आहेत. त्या काळात आमच्या भागात मोठी कामे दोन चालू होती : 1926 साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण आणि 1928 चे भाटघरचे लॉइड धरण. माझा कल भाटघरकडे आहे. चित्रातली भिंत लांबलचक आहे, डोंगर बसके आहेत. शिवाय काच क्र. 17 मध्ये नव्या भिंतीच्या वरच्या अंगाला पाण्यात एक सरळ दगडी रेघ दिसते. ते भाटघरचे जुने व्हायटिंग धरण असेल का? मात्र काच क्र. 31 मधला मागचा उंच सुळका भाटघरचा वाटत नाही. कदाचित दोन्ही ठिकाणची चित्रे एकाच पेटीत मिसळली असावीत.

उजवे-डावे उलटे होऊ नये म्हणून मी जिलेटिनची मंद बाजू तपासूनच स्कॅन केले आहे. चित्रातल्या साहेबांच्या कोटाची बटणेही, पुरुषांच्या कोटाला असतात तशी, त्यांच्या स्वतःच्या उजव्या बाजूला येतात.

आपल्याकडील सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरात या दोन धरणांच्या प्रगतीची छायाचित्रे किंवा नकाशे असतील, तर त्यांच्याशी ही चित्रे ताडून पाहता येतील का? कोणत्या वर्षांच्या, कोणत्या शाखेच्या फाइल मागवाव्यात एवढे सांगितलेत तरी मी वाचनकक्षात येऊन स्वतः पाहीन.

हे मी फक्त आजोबांसाठी विचारत नाही. काच क्र. 9 मध्ये चुन्याची घमेली डोक्यावर घेतलेल्या सात बायका रांगेने उभ्या आहेत, एकीच्या काखेत तान्हे मूल आहे. साहेबांची नावे कुठल्या तरी अहवालात सापडतील, या बायकांची सापडणार नाहीत. निदान त्या कोणत्या धरणावर राबल्या, एवढे तरी त्या चित्राखाली लिहिता यावे.

चार काचांची कडेची जिलेटिन सुटू लागली आहे. त्या कशा ठेवाव्यात, हेही आपल्या जतन विभागाकडून कळावे. मूळ काचा टपालाने पाठवण्याचे धाडस मी करत नाही, बोलावल्यास घेऊन येईन. दप्तराला उपयोग होणार असेल तर त्या आपल्याकडे कायमच्या सोपवायला घरातल्या सर्वांची संमती आहे.

कळावे,
आपली नम्र,
मेधा दामले
पुणे

सोबत : काच क्र. 9, 17 व 31 च्या छापील प्रती