रब्बी ज्वारी व हरभऱ्याच्या पीक विम्यासाठी अर्ज

दि. 21 नोव्हेंबर 2025

प्रति,
केंद्रचालक, सामूहिक सेवा केंद्र,
ता. बार्शी, जि. सोलापूर

विषय : प्रधानमंत्री पीक विमा योजना, रब्बी 2025-26, बिगरकर्जदार शेतकरी म्हणून नोंदणी

महोदय,

मौजे पिंपळवाडी येथील गट क्र. 214 मध्ये माझ्या नावावर 1 हेक्टर 60 आर जमीन आहे. त्यात बांध, विहीर मिळून 12 आर पोटखराबा. राहिलेल्या 148 आरमध्ये यंदा दोन पिकं आहेत. दोन्हींची नोंद वेगवेगळी व्हावी, ही मुख्य विनंती.

ज्वारी (जिरायत) : 90 आर, म्हणजे सव्वादोन एकर. मालदांडी. पेरणी 18 ऑक्टोबर. सप्टेंबरच्या पावसानं रानाला वापसाच नव्हता, म्हणून उशीर झाला. विमा भरण्याची शेवटची तारीख 30 नोव्हेंबर.

हरभरा : 58 आर. पेरणी 3 नोव्हेंबर. शेवटची तारीख 15 डिसेंबर.

हरभऱ्याला अजून मुदत असली तरी दोन्ही अर्ज आजच भरावेत. 30 तारखेला रविवार आहे आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत पोर्टल फार हळू चालतं. ज्वारी भरताना ‘जिरायत’च निवडावं. विहीर असली तरी तिचं पाणी मी ज्वारीला देत नाही, आणि बागायत ज्वारीची विमा रक्कम वेगळी असते.

यापूर्वीची रब्बीची नोंदणी 12 डिसेंबर 2024 रोजी, एक रुपयात केली होती. तेव्हा हरभरा 80 आर होता, पण अर्जात 40 आरच पडला. पावती मी घरी काही दिवसांनी वाचली, तोवर मुदत संपली होती. राहिलेल्या 40 आरला विम्याचा आधारच उरला नाही. म्हणून या वेळी पैसे भरण्याआधी पडद्यावरचं क्षेत्र आणि गट क्रमांक मला वाचून दाखवावा. मी सातबारा हातात धरून समोर बसेन.

यंदा एक रुपयाची सवलत नाही. विमा संरक्षित रकमेच्या दीड टक्का हप्ता मी रोख आणला आहे. ई-पीक पाहणीत मी हीच पिकं आणि हेच क्षेत्र नोंदवणार आहे. त्यात आणि अर्जात तफावत निघाली तर अर्ज बाद होऊ शकतो, याची मला कल्पना आहे.

सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक आणि सहीचं पीक पेरा स्वयंघोषणापत्र सोबत आहे. शेतकरी ओळख क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये आहे, तो सोबत आला आहे.

वरील पेरा मी स्वतः केलेला असून दिलेली माहिती खरी आहे. दोन्ही पिकांच्या पावत्या वेगवेगळ्या छापून द्याव्यात.

आपली विश्वासू,
सुमन दत्तात्रय गायकवाड