पाकळीचा ल

ऑक्टोबर छाटणी उरकली की सांगलीच्या गणपती पेठेतल्या जयपालअण्णांच्या दुकानात बसायला जागा नसते. द्राक्षबागायतदार, वेलीवरचे केवडा-भुरीसारखे रोग, ढगाळ हवा, एवढेच विषय. त्या गर्दीतून एका पोराने काउंटरवर बुरशीनाशकाचा खोका ठेवला. सीलबंद.

"अण्णा, हे परत घ्या. चार नेले होते, एक उरलाय. पावती गावंना."

अण्णांनी खोका हातात घेतला. नाव, रंग, विषाच्या खुणेचा रंगीत त्रिकोण, सगळं जागच्या जागी. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवून खोका नाकाशी आणला. दुकान टाकायच्या आधी त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले होते, आणि ती नजर औषधं विकूनही गेली नव्हती. लग्नपत्रिका आली तरी ते आधी मुहूर्त नाही, काना-मात्रा बघायचे. बायको वैतागायची.

कडेला बारीक ओळ होती: 'लहान मुलांपासून दूर ठेवा.'

फळीवरचा तोच माल काढून त्यांनी शेजारी ठेवला. त्यावर दोन्ही ल पाकळीचे, मराठी वळणाचे. पोराच्या खोक्यावर दोन्ही ल हिंदी पुस्तकातले. मोठं नाव मात्र हुबेहूब होतं. ते चित्र म्हणून उचललेलं असणार. बारीक मजकूर कुणीतरी नव्याने टाइप केला होता, हाताला लागेल त्या फाँटात.

"बॅच नंबर सांग बरं," अण्णा म्हणाले.

"खोक्यावर हाय की."

"हाय. पण ही बॅच माझ्या वहीत न्हाई. आणि कंपनी आपला मजकूर मधेच असा बदलत न्हाई. कुठनं आणलंस?"

पोरगा खाली बघायला लागला. मागच्या गिऱ्हाइकांनी माना पुढे काढल्या. अण्णांनी त्याला गोण्यांच्या आड नेलं.

"तासगाव रोडला टेम्पो उभा होता. निम्म्या दरात देत होते. दादांनी घेतलं. पण काल पानामागं पांढरी बुरशी दिसली, तवा मला शंका आली. म्हटलं तुमच्याकडं बदलून मिळालं तर..."

"म्हंजे माझ्या गळ्यात मारणार हुतास."

पोरगा गप्प.

अण्णांना राग आला होता, पण केवडा राग निवळायची वाट बघत नाही. खोका त्यांनी फोडला नाही, कागदात गुंडाळून परत दिला. "हे फेकू नको. पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडं जा, नमुना घ्यायला सीलबंदच लागतंय. टेम्पोचा नंबर आठवतोय का?"

"शेवटचे दोन आकडे."

"तेवढे लिहून दे. बाकीच्या तीन खोक्यांचं काय केलंस?"

"दोन मारून झाले. तिसरा..." त्याने घड्याळाकडे बघितलं आणि खिशातून फोन काढला. "दादा? ब्लोअर बंद करा. आधी बंद करा, मग सांगतो."