विषय: जुलै महिन्याच्या विक्री एक्स्पोर्टमध्ये सर्व कोड दुहेरी अवतरणात, मजकूर म्हणून देण्याबाबत

दिनांक : २१ जुलै २०२५

माननीय श्री. पाटील,

सप्रेम नमस्कार.

जून महिन्याची विक्री तपशिलाची फाइल (`sales_detail_202506.csv`) वेळेत मिळाली, त्याबद्दल आभार. बिलांची संख्या आणि एकूण रक्कम आमच्या दुकानांच्या दैनिक गोषवाऱ्याशी जुळते. मात्र फाइलमधील कोडचे कॉलम आम्हाला वापरता आलेले नाहीत. ५ ऑगस्टला येणाऱ्या जुलैच्या फाइलमध्ये `store_code`, `item_code`, `barcode` आणि `hsn_code` हे चारही कॉलम दुहेरी अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्यावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अडचण नेमकी कुठे आहे, हे जूनच्या फाइलमधील एकाच ओळीवरून लक्षात येईल. तूरडाळीच्या विक्रीची ही ओळ आम्हाला अशी मिळाली :

```
2025-06-14,7,451,8.90123E+12,71360,12,1824.00
```

आपल्या बिलिंग प्रणालीच्या पडद्यावर हेच बिल उघडले असता दुकानाचा कोड `0007`, वस्तूचा कोड `00451` आणि एचएसएन `071360` असा दिसतो. म्हणजे मूळ नोंद बरोबर आहे. फाइल तयार होताना किंवा त्यानंतर सुरुवातीची शून्ये गळली आहेत. आमचा विक्री अहवाल एचएसएनच्या पहिल्या दोन अंकांवरून मालाचे गट पाडतो. त्यामुळे ०७ व्या प्रकरणातली तूरडाळ ७१ व्या प्रकरणात, म्हणजे मोती, मौल्यवान खडे आणि दागिन्यांमध्ये जाऊन बसली, तर `091030` ची हळद ९१ व्या प्रकरणातल्या घड्याळांच्या रांगेत गेली. किराणा दुकानात दागिन्यांची एवढी विक्री दिसल्यामुळेच चूक चटकन पकडता आली, हे खरे तर सुदैव म्हणायचे.

एचएसएनचे नुकसान आम्ही आमच्याकडे भरून काढू शकतो, कारण त्या कोडमधील अंकांची संख्या नेहमी सम असते आणि पाच अंकी कोड दिसला की पुढचे शून्य गळाले आहे, हे कळते. दुकानाचा कोडही ठरावीक चार अंकी असल्यामुळे तो पूर्ववत करता येतो. वस्तूच्या कोडचे मात्र तसे नाही. आमच्या जुन्या गोदामाचे कोड पाच अंकी आणि नंतर उघडलेल्या विभागाचे चार अंकी आहेत, आणि `00451` व `0451` या दोन वेगळ्या वस्तू आहेत; पहिली तूरडाळ, दुसरी कपडे धुण्याची पावडर. फाइलमध्ये दोन्ही `451` होऊन आल्या आहेत. ओळीत एचएसएन असल्यामुळे या एका जोडीचा उलगडा झाला, परंतु जिथे दोन्ही वस्तूंचा एचएसएन सारखाच आहे, तिथे कोणती विक्री कोणत्या वस्तूची, हे फाइलवरून सांगण्याचा कोणताही मार्ग उरलेला नाही.

बारकोडच्या कॉलमबद्दल थोडे वेगळे सांगावेसे वाटते. `8.90123E+12` हे रूप डेटाबेसमधून थेट निघालेल्या मजकुरात सहसा येत नाही; १३ अंकी संख्या एक्सेलमध्ये उघडून ती फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, की पडद्यावर जसे दिसते तसे ते फाइलमध्ये उतरते. भारतातल्या मालाचे बहुसंख्य बारकोड `890` ने सुरू होत असल्यामुळे असे गोठलेले बारकोड एकमेकांत मिसळतात आणि `8901230` ते `8901234` ने सुरू होणारे सगळे एकाच रूपात येतात. म्हणून आमचा कयास असा आहे, की पाठवण्यापूर्वी फाइल तपासण्यासाठी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली गेली असावी. अवतरणचिन्हे घातली तरी एक्सेल फाइल उघडताना ती काढून टाकते आणि आतल्या अंकांना संख्याच समजते. त्यामुळे अवतरणाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा डेटाबेसमधून निघालेली फाइल मध्ये कुठेही सेव्ह न होता आमच्यापर्यंत येईल. तपासणी आवश्यक असल्यास ती वेगळ्या प्रतीवर किंवा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये करावी.

आमच्या बाजूने अवतरण महत्त्वाचे असण्याचे कारण असे, की आमचा फाइल वाचणारा प्रोग्राम कॉलमांच्या नावांची पहिली ओळ वगळता अवतरणाबाहेरचे प्रत्येक मूल्य संख्या समजतो आणि अवतरणातले प्रत्येक मूल्य जसेच्या तसे ठेवतो. कॉलमचे नाव किंवा क्रम पाहून तो काहीही ठरवत नाही. यासाठी वर दिलेल्या चार कॉलमांबरोबर `bill_date` सुद्धा अवतरणात हवा. `qty` आणि `amount` यांची बेरीज-वजाबाकी करायची असल्यामुळे ते दोन मात्र अवतरणाशिवाय, आणि हजारांचे स्वल्पविराम न घालता द्यावेत. हीच ओळ आम्हाला अशी अपेक्षित आहे :

```
"2025-06-14","0007","00451","8901234567890","071360",12,1824.00
```

आपल्या तांत्रिक विभागाने एक्स्पोर्ट पोस्टग्रेस डेटाबेसमधून काढले जाते, असे पूर्वी कळवले होते. तसे असल्यास आज्ञेच्या शेवटी पुढील पर्याय जोडणे पुरेसे ठरावे :

```
WITH (FORMAT csv, HEADER,
  FORCE_QUOTE (bill_date, store_code, item_code, barcode, hsn_code))
```

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. `FORCE_QUOTE` फक्त अवतरण घालते. क्वेरीमध्ये कुठे `item_code` चे पूर्णांकात रूपांतर होत असेल, तर आम्हाला `"451"` मिळेल आणि मूळ अडचण तशीच राहील. म्हणून हा कॉलम वस्तूंच्या मूळ मास्टरमधून, जिथे तो मजकूर म्हणून साठवलेला आहे, तिथूनच घ्यावा, आणि शून्ये जोडून लांबी वाढवण्याचा उपाय त्याच्यासाठी करू नये. ज्या वस्तूला बारकोडच नाही, उदाहरणार्थ सुटा माल, तिथे जागा रिकामी सोडावी. मूल्य NULL असेल तर पोस्टग्रेस ती अवतरणाशिवाय रिकामी देते आणि आमचा प्रोग्राम तिचा अर्थ ‘माहिती नाही’ असा घेतो. शून्य किंवा एखादा काल्पनिक क्रमांक भरू नये.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून कोडच्या आधी एकेरी अवतरण लावतात किंवा `="00451"` असे सूत्र लिहितात. एक्सेलमध्ये पाहण्यापुरते ते चालून जाते, पण आमच्याकडे ती चिन्हे कोडचाच भाग होऊन बसतील. कृपया हे दोन्ही टाळावे.

पूर्ण फाइलआधी, सोमवार २८ जुलैपर्यंत, शंभरेक ओळींचा नमुना पाठवता आला तर फार बरे होईल. त्यात शून्याने सुरू होणारे कोड आणि बारकोड नसलेल्या काही वस्तू असाव्यात. नमुना मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तो तपासून लेखी कळवू. जुलैची फाइल या स्वरूपात ठीक आली, की त्याच क्वेरीने जूनची फाइलही पुन्हा काढून द्यावी. तोपर्यंत जूनचा वस्तूनिहाय अहवाल आम्ही थांबवून ठेवत आहोत आणि दुकानांना फक्त एकूण विक्रीचे आकडे देत आहोत.

या बदलासाठी करारातील मासिक कामाव्यतिरिक्त वेगळे काम धरावे लागणार असेल, तर तसा अंदाज नमुन्यासोबतच कळवावा, म्हणजे खरेदी विभागाची मंजुरी ५ ऑगस्टपूर्वी घेता येईल. तांत्रिक विभागातील ज्या सहकाऱ्यांकडे हे काम जाईल, त्यांनाही या पत्रव्यवहारात सामील करून घ्यावे. क्वेरीबद्दल त्यांच्याशी थेट बोलणे दोघांच्याही सोयीचे होईल. आम्ही रोज सकाळी ११ ते दुपारी १ या वेळेत फोनवर उपलब्ध असतो.

आपली विश्वासू,

मृणाल साठे
डेटा विश्लेषक, विक्री माहिती विभाग
पुणे

सोबत : जूनच्या फाइलमधील वीस ओळी आणि त्याच बिलांच्या पडद्याची छायाचित्रे