विषय: सोमवारी भेटूया – पहिल्या दिवसाबद्दल थोडं

नमस्कार स्नेहल,

अकाउंट्स टीममध्ये मनापासून स्वागत!

सोमवारी १० वाजता या. आम्ही साडेनऊलाच येतो, पण पहिल्या दिवशी घाई नको. पिंपरीहून मेट्रोने शिवाजीनगरला उतरलात की ऑफिस पायी पाच मिनिटांवर, दुसरा मजला. लिफ्टचा भरवसा धरू नका. गेटवरच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव आधीच दिलं आहे, फक्त आधार कार्ड दाखवा.

सोबत पॅन, आधार, रद्द केलेला चेक, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि यूएएन नंबर आणा. यूएएन विसरू नका, त्यावाचून पीएफचा फॉर्म अडतो. हे सगळं एचआरच्या मानसीताईंकडे द्यायचं (एक्स्टेंशन २१४). लॅपटॉप, पासवर्डसाठी आयटीचा रोहन, २२०.

कामाचं म्हणाल तर पहिला महिना इरफानभाईंसोबत बसा. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, या दोन तारखांभोवती आपला महिना फिरतो. १४ ला २बी आलं की खरेदीची बिलं जुळवायला घ्यायची. ते काम हळूहळू तुमच्याकडे येईल. एखादं बिल जुळत नसेल तर अंदाजाने एंट्री मारू नका, लगेच विचारा. दहादा विचारलंत तरी चालेल. १९ तारखेच्या रात्री कळलं तर मात्र सगळेच अडकतो.

डबा आणलात तर उत्तम. दीड वाजता सगळे एकत्र जेवतो.

काही अडलं तर मला थेट फोन करा, एक्स्टेंशन २०३.

– वैशाली
अकाउंट्स