चिमीच्या वाढदिवसाच्या भेटीबद्दल थोडंसं

सगळ्यांना नमस्कार,

रविवारी, 22 तारखेला संध्याकाळी पाच वाजता चिमीच्या दुसऱ्या वाढदिवसाला तुम्ही सगळे येताय ना? याल असं धरूनच पुढचं लिहितेय. भेटवस्तूबद्दल बोलायचं म्हणजे जरा जिवावर येतं, पण गेल्या वर्षीचं आठवलं आणि म्हटलं, या वेळी आधीच सांगून टाकावं.

गेल्या वर्षी रात्री खोकी उघडली तेव्हा रिंगा एकावर एक रचायचे तीन खेळ निघाले, तिन्ही वेगवेगळ्या घरांतून आलेले. शिवाय दोन ढोल, दोन्ही बॅटरीवर वाजणारे, आणि त्यातल्या एकाचं बटण बंदच होत नव्हतं. प्रत्येकाने प्रेमाने, शोधून आणलं होतं, हे आम्हाला माहीत आहे. कोणाला काय सांगणार? एकमेकांना विचारायला हवं होतं हे आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता घरात रिंगांचा ढीग आहे, आणि चिमी मात्र स्टीलच्या डब्याचं झाकण जमिनीवर गोल फिरवत अर्धा तास बसते. झाकण थांबलं की माझ्याकडे बघते, मी फिरवून दिलं की पुन्हा तेच.

म्हणून विनंती अशी, की या वेळी सगळ्यांनी मिळून एकच वस्तू द्यावी: लहान मुलांचं बुटकं टेबल आणि दोन खुर्च्या. तिला हल्ली काहीही करायचं तर मोठ्यांच्या टेबलाशीच करायचं असतं. चित्र काढायला खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहते, एका हाताने टेबलाची कड धरते आणि दुसऱ्या हातात खडू. दोनदा घसरली आहे. तिच्या मापाचं असेल तर पाय जमिनीला टेकतील आणि दोन्ही हात मोकळे राहतील. दुसरी खुर्ची कशाला, तर शेजारचं पिल्लू रोज येतं आणि एका खुर्चीवरून काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

मी टेपने मोजून पाहिलं. गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून तळव्यापर्यंत तिचा पाय 21 सेंमी भरतो. म्हणजे बसायची जागा साधारण तेवढ्याच उंचीवर हवी आणि टेबल त्याहून 18-20 सेंमी वर. पाय लांबवता येणारं मिळालं तर फारच छान, दोन-तीन वर्षं चालेल. कोपरे गोल असावेत आणि वरचा पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसता येईल असा, कारण खडू कागदावरच थांबेल याची हमी मी देत नाही. रंग तुम्हीच ठरवा, तेवढं तरी आम्हाला न कळलेलं असू दे!

हे सगळं जमवायचं काम चिमीच्या मोठ्या आत्याने स्वतःहून अंगावर घेतलंय. (तिला नाही म्हणण्याची सोय कुठे असते!) ज्यांना वाटेल त्यांनी गुरुवार, 12 तारखेपर्यंत तिला थेट फोन करावा, म्हणजे टेबल घरी यायला वेळ मिळेल. किती द्यायचे हे ज्याचं त्याने ठरवावं. कोणी किती दिले ते ती आम्हाला सांगणार नाही, आम्ही विचारणारही नाही. मामा, तुम्ही लांबून येताय, प्रवासाचाच खर्च बराच आहे, तेव्हा तुम्ही फक्त या, अगदी खरंच.

आजी-आजोबा, तुम्हाला रिकाम्या हाताने यायला आवडत नाही हे आम्हाला पाठ आहे. तुमच्याकडे आमच्या लहानपणीची चित्रांची पुस्तकं कपाटात असतील तर त्यातलं एखादं आणा, कडा फाटल्या असल्या तरी चालतील. ते ती तुमच्या मांडीवर बसून बघेल. आणि कोणाकडे मोठ्या मुलांचे लहान झालेले कपडे असतील तर आनंदाने घेऊ. तीन वर्षांच्या मापाचे असले तरी चालतील, चिमी उंच होतेय.

एक विनंती मात्र मनापासून. बारीक भाग सुटे होणारी आणि गोल सेलवर चालणारी खेळणी कृपया आणू नका. ती अजून प्रत्येक गोष्ट तोंडात घालून पाहते, आणि तो चपटा सेल पोटात गेला तर फार धोक्याचं असतं.

यातलं काही पटलं नाही किंवा कोणाला वाईट वाटलं तर मनात न ठेवता मला सांगा. आणि आधीच एखादी गोष्ट घेऊन ठेवली असेल तर ती परत करत बसू नका, घेऊन या, फक्त काय आहे ते आत्याच्या कानावर घाला. ढोल असेल तर माझ्याही.

चिमीची आई (आणि बाबा, त्यांना वाचून दाखवलंय, त्यांची मान हलली)