शहरी रस्ता क्र. ७ : पृष्ठभाग स्थिती सर्वेक्षण, डिफ्लेक्शन चाचणी व ओव्हरलेच्या जाडीची शिफारस

सादर : कार्यकारी अभियंता, रस्ते विभाग
चेनेज : ०/००० ते १/६०० (स्थानक चौक ते जलकुंभ चौक)
सर्वेक्षण : मार्च २०२५

निष्कर्ष आधी

संपूर्ण १.६ किमीवर सरसकट एकच ओव्हरले टाकण्याचा प्रस्ताव आमच्याकडे आला होता. मोजणीनंतर आम्ही त्याला सहमती देऊ शकत नाही. रस्त्याचा बराच भाग थकलेला असला तरी त्याची घडण अजून शाबूत आहे. तो ९० ते १०० मिमी डांबरी थराने पुढची १० वर्षे काम देईल. मात्र ०/७५० ते ०/९०० हे १५० मीटर खालून गेलेले आहेत. तिथे थर टाकणे म्हणजे पैसे पाण्यावर अंथरणे, आणि इथे ते शब्दशः खरे आहे. एवढा भाग खोदून नव्याने बांधावा, आणि त्याआधी पाण्याची गळती बंद करावी.

रस्त्याची रचना

दोन पदरी, दुभाजक नसलेला रस्ता. कर्ब ते कर्ब रुंदी ७.५ मी. दोन्ही बाजूंना पदपथ, डावीकडे झाकलेले पावसाळी गटार, आणि ०/६०० नंतर डाव्या पदराखालून जाणारी जलवाहिनी. तीन ठिकाणी खड्डे घेऊन क्रस्ट तपासला. ०/३०० आणि १/३५० येथे ४० मिमी बिटुमिनस काँक्रीट, ७५ मिमी बिटुमिनस मॅकॅडम, २२५ मिमी डब्ल्यूबीएम आणि २०० मिमी मुरमाचा सब-बेस मिळाला. खाली काळी माती, प्लास्टिसिटी इंडेक्स ३२, ओलावा १५ ते १६ टक्के.

०/८२५ चा खड्डा वेगळा निघाला. वरचा ४० मिमी थर हाताने तुकड्यातुकड्यांनी सुटत होता. मॅकॅडम जेमतेम ५० मिमी उरले होते, त्यातल्या खडीवरचे डांबर पूर्ण निघाले होते आणि खडी धुतल्यासारखी स्वच्छ दिसत होती. डब्ल्यूबीएमच्या फटींत काळी माती वर चढली होती. साधारण अर्धा मीटर खोलीवर पाणी झिरपू लागले आणि खड्ड्याच्या तळाशी साचले. त्या पाण्यात ऑर्थोटोलिडीन टाकताच पिवळा रंग आला, म्हणजे अवशिष्ट क्लोरीन आहे. पाऊस किंवा भूजल नव्हे, पिण्याच्या पाण्याची वाहिनी गळते आहे. सब-ग्रेडचा ओलावा २४ टक्के, भिजवलेला सीबीआर ३ टक्के.

पृष्ठभागाची स्थिती

चाकोरीची खोली ३ मी. सरळपट्टीने मोजली, भेगांचे क्षेत्र पायी फिरून आखून घेतले. आयआरसी ८१ (१९९७) मधील वर्गीकरणानुसार रस्त्याचे तीन भाग पडले.

भाग अ (०/००० ते ०/६००) : चाकोरीत एकेरी उभी भेग, खोली १० ते १३ मिमी. मध्यम.

भाग ब (०/६०० ते १/१००) : मगरपाठी भेगा, खोली १४ ते २६ मिमी. खराब. ०/७५० ते ०/९०० मध्ये भेगांचे क्षेत्र २० टक्क्यांच्या वर गेले आहे, म्हणून तो तुकडा अयशस्वी धरला. बसथांबा याच तुकड्यात, ०/८५० ला आहे. पाण्याने मऊ झालेल्या जमिनीवर जड बस दिवसभर थांबते आणि निघते, त्यामुळे डाव्या पदरातली चाकोरी इथे सर्वांत खोल आहे.

भाग क (१/१०० ते १/६००) : खोली १२ ते १६ मिमी, भेगा एकेरी. मध्यम. जुन्या केबल चरांचे पट्टे दबलेले आहेत, पण ते पृष्ठभागापुरतेच.

डिफ्लेक्शन मोजणी

बेंकलमन बीम वापरला. ट्रकचा मागील ॲक्सल ८१७० किलो, दुहेरी चाकांवर ४०८५ किलो, टायरमधील हवेचा दाब ५.६ किलो प्रति चौ. सेमी. ट्रक मोजणीआधी काट्यावर तोलून घेतला. बिंदू कर्बपासून ०.९ मीटरवर, ५० मीटर अंतराने, डावा-उजवा पदर आलटून पालटून. प्रत्येक बिंदूवर तीन वाचने घेतली : चाक बिंदूवर असताना, ट्रक २.७ मीटर पुढे गेल्यावर, आणि तिथून आणखी ९ मीटर गेल्यावर. बीमच्या बाहूंचे गुणोत्तर २ : १ असल्याने फरकाची दुप्पट घ्यायची.

मधल्या आणि शेवटच्या वाचनातला फरक ०.०२५ मिमीपेक्षा जास्त आला, तर बीमचे पुढचे पाय स्वतःच खचलेल्या भागात उभे होते असे समजून दुरुस्ती करावी लागते. ०/९२५ येथे तसे झाले. पहिले आणि शेवटचे वाचन यांतला फरक ०.८४ मिमी, मधले आणि शेवटचे यांतला ०.०४ मिमी :

```
XA = 2 × 0.84 = 1.68
Y  = 2 × 0.04 = 0.08
XT = XA + 2.91 Y = 1.68 + 0.23 = 1.91 mm
```

ही दुरुस्ती विसरली, तर नेमक्या कमकुवत जागाच मजबूत दिसतात. म्हणून प्रत्येक बिंदूवरचे मधले वाचन कार्यस्थळीच तपासले.

डांबरी थराचे तापमान ४० मिमी खोल छिद्रात ग्लिसरॉल भरून घेतले. प्रमाण तापमान ३५ अंश, वरच्या प्रत्येक अंशाला ०.०१ मिमी वजा. मार्चमध्ये माती कोरडी असते, म्हणून ऋतुमानाचा गुणक लावला : मातीचा प्रकार, प्लास्टिसिटी, पाऊस व ओलावा यांवरून आलेखात १.१२.

भाग ब ची मोजणी (मिमी) :

| चेनेज | डिफ्लेक्शन | तापमान (अंश) | तापमान दुरुस्तीनंतर | × १.१२ |
|---|---|---|---|---|
| ०/६२५ | १.६२ | ३८ | १.५९ | १.७८ |
| ०/६७५ | १.७४ | ३८ | १.७१ | १.९२ |
| ०/७२५ | १.८५ | ३९ | १.८१ | २.०३ |
| ०/७७५ | २.०६ | ३९ | २.०२ | २.२६ |
| ०/८२५ | २.२८ | ४० | २.२३ | २.५० |
| ०/८७५ | २.३६ | ४० | २.३१ | २.५९ |
| ०/९२५ | १.९१ | ४१ | १.८५ | २.०७ |
| ०/९७५ | १.७८ | ४१ | १.७२ | १.९३ |
| १/०२५ | १.६९ | ४२ | १.६२ | १.८१ |
| १/०७५ | १.५८ | ४२ | १.५१ | १.६९ |

सरासरी २.०६, प्रमाण विचलन ०.३०. हा शहराचा मुख्य रस्ता असल्याने वैशिष्ट्यपूर्ण डिफ्लेक्शन सरासरी अधिक दोन विचलने, म्हणजे २.६६ मिमी.

या आकड्यावर डिझाइन करणे चूक ठरेल. ०/७७५, ०/८२५ आणि ०/८७५ ही तीन वाचने बाकीच्यांपासून उघडपणे तुटलेली आहेत, आणि ती खड्ड्यात पाणी सापडलेल्या तुकड्यातली आहेत. ती वगळल्यावर सातच वाचने उरतात आणि किमान दहा लागतात, म्हणून उरलेल्या भागात आणखी तीन बिंदू मोजले. दुरुस्त्यांनंतर ती १.८४, १.९७ आणि १.८६ आली. दहांची सरासरी १.८९, विचलन ०.१२, वैशिष्ट्यपूर्ण डिफ्लेक्शन २.१३ मिमी. दीडशे मीटरच्या ओल्या पट्ट्यामुळे अर्ध्या किलोमीटरचा आकडा अर्ध्या मिलिमीटरने फुगला होता.

ओल्या तुकड्यातली माती आधीच भिजलेली असल्याने तिथे १.१२ चा गुणक खरे तर जास्त होतो. तो काढला, तरी ती वाचने २.०२ ते २.३१ राहतात. तुकडा नव्याने बांधायचाच असल्याने अंतिम जाडीवर याचा परिणाम होत नाही.

वाहतूक

सलग तीन दिवस, २४ तास मोजणी. ३ टन व त्याहून जास्त भारित वजनाची व्यावसायिक वाहने दोन्ही दिशांना मिळून दिवसाला ६९०. वार्षिक वाढ ७.५ टक्के, काम पूर्ण होण्यास एक वर्ष धरून ७४२. वाहन हानी गुणक ३.५, दोन पदरी रस्त्यासाठी पदर वाटप ०.७५, आयुर्मान १० वर्षे.

```
N = 365 × 742 × [(1.075^10 − 1) / 0.075] × 0.75 × 3.5
  = 10.06 × 10^6
```

म्हणजे १० दशलक्ष प्रमाण ॲक्सल. त्याच वक्रावर जाडी वाचली.

ओव्हरलेची जाडी

| भाग | वैशिष्ट्यपूर्ण डिफ्लेक्शन (मिमी) | बिटुमिनस मॅकॅडम (मिमी) | डीबीएम/बीसी, × ०.७ (मिमी) | प्रस्तावित |
|---|---|---|---|---|
| अ | १.६२ | १०५ | ७४ | ५० डीबीएम + ४० बीसी |
| ब (ओला तुकडा वगळून) | २.१३ | १४० | ९८ | ६० डीबीएम + ४० बीसी |
| क | १.७३ | ११५ | ८१ | ५० डीबीएम + ४० बीसी |

भाग अ मध्ये १६ मिमी जास्त जाडी दिसते. ५० मिमीपेक्षा पातळ डीबीएम नीट दाबले जात नाही आणि ४० मिमी बीसी हा किमान थर आहे, म्हणून ती आली.

ओला तुकडा (०/७५० ते ०/९००), दोन्ही पदर : ३८० मिमी दाणेदार सब-बेस, २५० मिमी वेट मिक्स मॅकॅडम, १०० मिमी डीबीएम (५० मिमीच्या दोन थरांत), ४० मिमी बीसी. एकूण ७७० मिमी. ओव्हरलेची नवी पातळी १०० मिमी वर जाणार असल्याने खोदाई सध्याच्या पृष्ठभागापासून ६७० मिमी. सब-बेसच्या खालच्या थरातले पाणी गटारात जाईल अशी निचऱ्याची वाट ठेवावी, नाहीतर नवा क्रस्टही त्याच मार्गाने जाईल.

कर्ब, चेंबर आणि मिलिंग

आधी मिलिंग केल्यास पातळी वाढणार नाही, असा मुद्दा बैठकीत आला होता. डिफ्लेक्शन जुन्या थरासह मोजले आहे. जेवढा थर घासून काढला, तेवढा नव्याने द्यावा लागतो, त्याशिवाय वरची जाडी पुरत नाही. म्हणून पूर्ण रुंदीचे मिलिंग पातळीचा प्रश्न सोडवत नाही.

भाग अ मध्ये कर्ब सध्या १५० मिमी, भाग क मध्ये १६० मिमी उघडा आहे. या दोन भागांत कर्बलगत ०.५ मी. रुंदीत शून्य ते ४० मिमी उतरते मिलिंग करावे. बाहेरचे चाक त्या पट्ट्यावर न येता रस्त्याच्या मधल्या बाजूने जाते, म्हणून भारावर परिणाम नाही, आणि कर्ब अनुक्रमे १०० व ११० मिमी उघडा राहतो. भाग ब मध्ये कर्ब ९५ ते ११० मिमीच आहे. तिथे १०० मिमी थरानंतर पावसाचे पाणी पदपथावर चढेल, म्हणून ओव्हरलेआधी कर्ब उचलून नव्या पातळीला बसवावा. चेंबरची झाकणे बीसी टाकण्याआधी नव्या पातळीला आणावीत. नंतर थर फोडून उचललेल्या झाकणाभोवती पहिल्याच पावसाळ्यात खड्डा पडतो.

कामाचा क्रम

प्रथम जलवाहिनीची दुरुस्ती आणि दाब चाचणी. गळती बंद झाल्याचे पाणीपुरवठा विभागाकडून लेखी मिळाल्याशिवाय खोदाई सुरू करू नये. त्यानंतर डाव्या गटाराचा गाळ काढणे, ओल्या तुकड्याची बांधणी, भाग ब चे कर्ब. मग सर्व भागांत ५ मिमीपेक्षा रुंद भेगा भरणे आणि चाकोऱ्या डीबीएमने समतल करणे. समतल थराचे माप ओव्हरलेच्या जाडीत धरू नये. शेवटी टॅक कोट, डीबीएम आणि बीसी.

बसथांब्याच्या ४० मीटरमध्ये बीसीसाठी व्हीजी-४० डांबर वापरावे. डीबीएमचा थर गार होण्याआधी त्यावरून वाहतूक सोडू नये. प्रत्येक भागात जाडीसाठी गाभे काढावेत, आणि ओल्या तुकड्यात एका पावसाळ्यानंतर तेच तीन बिंदू पुन्हा बीमने मोजावेत.