चंद्रकलांचे फोटो काय सांगतात

मित्रमैत्रिणींनो, पडद्यावरचे फोटो इंदूरमध्ये आपल्याच शाळेच्या गच्चीवरून काढलेत. अमावास्येची जागा रिकामी आहे. तेव्हा चंद्राची उजळलेली बाजू आपल्याकडे नसतेच.

बरेच जण म्हणतात, कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात. तसं नाही! ती सावली फक्त चंद्रग्रहणात पडते. सूर्य नेहमी अर्धा चंद्र उजळतो. त्यातला किती भाग आपल्याला दिसतो, तेवढंच बदलतं. एका अमावास्येपासून पुढचीपर्यंत सरासरी 29.5 दिवस.

आता शुक्ल अष्टमीचा फोटो मोठा करते. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर बघा, विवरांच्या कडा कशा उठून दिसतात! तिथे सूर्य नुकताच उगवतोय, म्हणून सावल्या लांब. पौर्णिमेच्या फोटोत तीच विवरं पुसल्यासारखी, कारण ऊन समोरून पडतं. दक्षिणेकडच्या टायको विवरातून निघालेले पांढरे पट्टे मात्र तेव्हाच छान दिसतात. मला तर अष्टमीच जास्त आवडते.

आणखी एक, काळे डाग प्रत्येक फोटोत तेच आहेत. चंद्राला स्वतःभोवती फिरायला आणि पृथ्वीभोवती फिरायला सारखाच वेळ लागतो, 27.3 दिवस, म्हणून त्याची एकच बाजू कायम आपल्याकडे असते.

येत्या अष्टमीला दुर्बीण गच्चीवर असेल. संध्याकाळी सातला या, चंद्र डोक्यावरच असेल.